नवख्या वार्ताहराच्या कच्च्या बातमीवर लेखी शेरे कसे लिहावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी दैनिकांच्या संपादकीय विभागात जे उपसंपादक नुकतेच ज्येष्ठ झाले आहेत आणि ज्यांच्याकडे गावोगावच्या नव्या वार्ताहरांचा मजकूर तपासायचे काम प्रथमच आले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मजकूर दुरुस्त करणे आणि मजकूर लिहिणाऱ्याला शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम आपण वर्षानुवर्षे केलेले असते, त्यामुळे हात आपोआप तिकडेच वळतो. दुसरे काम करायचे तर हात आवरावा लागतो. तो कसा आवरायचा, हे एकाच बातमीच्या आधाराने पाहू.

ही बातमी अशा अनेक मजकुरांवरून मी उदाहरणासाठी बेतली आहे. लिहिणारी वार्ताहर खानापूर तालुक्यातील आहे, तिचे शिक्षण कन्नड माध्यमातून झाले आहे, घरची बोली मराठी आहे आणि तिच्यासमोर तहसील कार्यालयाची कन्नडमधील प्रेसनोट आहे. तिने मोबाइलवरून पाठवलेला मजकूर असा:

(१) तालुक्यात गेल्या काही दिवसांपासून मुसळधार पाऊस पडत असून जनजीवन विस्कळीत झाले आहे. (२) तहसीलदारांनी सोमवारी गावाला भेट देऊन पाहणी केली. (३) घरे पडलेल्यांना परिहार देण्यात येईल व यादी करताना हयगय करणाऱ्यांवर कडक क्रम घेण्यात येईल, असे त्यांनी सांगितले. (४) गावातील सहा घरांच्या भिंती पडल्या असून विहीरीत गढूळ पाणी गेले आहे, तसेच जमीनीचे बांध फुटले आहेत. (५) अर्ज करण्यास शुक्रवारपर्यंत अवकाश देण्यात आला असून घर वडीलांच्या नावावर असल्यास तलाठ्यांना भेटावे. (६) एका घरातील आजी म्हणाल्या, ‘रात्री दोनला भिंत आली बघा. म्हशीला बघायला गोठ्यात गेलेले म्हणून वाचले.’

वाक्यांना आकडे तिने दिलेले नाहीत, मी घातले आहेत. पहिली पायरी तीच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मजकुराला तुकड्यातुकड्याने उत्तरे दिली की कोणता शेरा कोणत्या ओळीचा हे दोन दिवसांनी कोणालाच कळत नाही. आकडे घातलेला मजकूर परत पाठवला, तर ‘वाक्य ५’ एवढे म्हटले तरी पुरते.

पहिले वाचन हातात काहीही न घेता

मजकूर एकदा शेवटपर्यंत वाचावा आणि तोवर एकही अक्षर बदलू नये. हे ऐकायला सोपे असले तरी ‘विहीरीत’ दिसताच बोट कळफलकाकडे जाते. ते जाऊ देऊ नये, याचे कारण असे की शुद्धलेखनापासून सुरुवात केली तर आपण वाचक राहत नाही, तपासनीस होतो, आणि मग बातमीत नेमके काय बिनसले आहे ते नजरेतून सुटते. वाचून झाल्यावर, त्या गावातला भिंत पडलेला माणूस उद्या सकाळी हे वाचील तेव्हा त्याला काय हवे असेल, असे स्वतःला विचारावे. त्याला हवे आहे ते पाचव्या वाक्यात आहे: अर्ज शुक्रवारपर्यंत करायचा आहे. तिथवर पोहोचायला त्याला पाऊस, जनजीवन आणि तहसीलदारांची भेट पार करावी लागते.

याच वाचनात मूळ प्रेसनोट शेजारी उघडून ठेवावी. सीमाभागातल्या मजकुराचा निम्मा उलगडा त्या कन्नड कागदात असतो. तो न पाहता शेरे लिहिले, तर वार्ताहराला ‘तुमचे मराठी कच्चे आहे’ असा संदेश जातो. कागद पाहिला, तर ती चांगले मराठी बोलणारी असून घाईत भाषांतर करताना घसरली आहे, हे कळते. या दोन निदानांवर उपचार वेगवेगळे आहेत.

आज काय शिकवायचे ते ठरवणे

या सहा वाक्यांत मोजायला बसलो तर दहाबारा गोष्टी सापडतील. त्या सर्व लिहून पाठवल्या, तर वार्ताहर दहाबारा ठिकाणी बदल करील आणि एकही गोष्ट शिकणार नाही. मी एका मजकुराला तीनच विषय ठेवतो: बातमीच्या रचनेतील एक, भाषेतील एक आणि शुद्धलेखनातील एक. बाकीचे दोष मी स्वतः गुपचूप दुरुस्त करतो किंवा तसेच सोडतो.

निवड करताना पाहायचे ते एवढेच की, हा दोष पुढच्या बातमीतही येणार आहे का? ‘गेल्या काही दिवसांपासून’ अशी सुरुवात पुढच्या दहा बातम्यांत येईल, म्हणून ती घ्यावी. कन्नड प्रेसनोटमधून जसेच्या तसे उतरलेले शब्द रोज येतील, म्हणून तेही घ्यावेत. चौथ्या वाक्यात घरे, विहीर आणि बांध एकत्र कोंबले आहेत हा दोष खरा असला तरी या बातमीपुरता आहे, त्यामुळे तो सोडला तरी चालतो.

याला एक अपवाद ठेवावा. वस्तुस्थितीची चूक, कोणाची बदनामी होईल असे विधान किंवा चुकीची मुदत असेल, तर तिथे शिकवण्याचा विचार बाजूला ठेवून ‘हे चुकीचे आहे, छापता येणार नाही, फोन करून खात्री करा’ असे सरळ लिहावे. अशा ठिकाणी सौम्य प्रश्न विचारत बसलो, तर ती गोष्ट ऐच्छिक आहे असा समज होतो.

रचनेवरचा शेरा

नव्या ज्येष्ठांच्या हातून इथे सहसा पुढीलप्रमाणे शेरा पडतो: ‘इंट्रो बदला. परिणामकारक करा.’ हा शेरा जगातल्या कोणत्याही बातमीला चिकटवता येईल. अमेरिकेतील लेखनशिक्षण क्षेत्रातल्या नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ साली शिक्षकांच्या शेऱ्यांचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांचा एक मुख्य आक्षेप हाच होता की पुष्कळसे शेरे समोरच्या मजकुरातून निघालेले नसतात, एका वहीवरून दुसऱ्या वहीवर उचलून ठेवता येतात. शेरा लिहून झाला की, तो कालच्या दुसऱ्या वार्ताहराच्या बातमीवर बसतो का, हे तपासावे. बसत असेल तर खोडावा.

दुसरे टोकही तितकेच वाईट आहे. ‘सहा घरांच्या भिंती कोसळल्या, भरपाईसाठी शुक्रवारपर्यंत मुदत’ असा इंट्रो आपणच लिहून दिला, तर उद्याचे पान चांगले दिसेल, मात्र तो इंट्रो तिचा नसेल आणि पुढच्या बातमीला ती पुन्हा पावसापासून सुरुवात करील. मी लिहीन तो शेरा असा:

‘वाक्य १: हे वाक्य पावसाळ्यात कोणत्याही तालुक्याच्या बातमीला लावता येईल, त्यामुळे वाचकाला ही बातमी आपल्या गावची आहे हे कळायला चौथ्या वाक्यापर्यंत थांबावे लागते. तुम्ही घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने लिहिले आहे. ज्याची भिंत पडली आहे त्याला तुमच्या सहा वाक्यांपैकी कोणते वाक्य सर्वांत आधी वाचायला हवे? ते वर घेऊन बघा आणि त्यामुळे बाकीच्यांपैकी कोणते गळून पडते तेही पाहा.’

यात प्रथम वाचकाला काय होते ते सांगितले आहे, मग असे का झाले असावे याचा अंदाज आहे आणि शेवटी तिला स्वतः करायचे एक काम आहे. उत्तर तिच्याच मजकुरात आहे, ते फक्त शोधायचे आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मनात आधीच एका ठरावीक शब्दात तयार असते आणि ते ओळखायला लावायचे असते, तो प्रश्न विचारू नये. ‘इथे आणखी चांगला शब्द नाही का?’ हा प्रश्न नसून टोमणा आहे.

कन्नडमधून आलेले शब्द

या भागातल्या ज्येष्ठाने सर्वांत जपून लिहायचे शेरे हेच. ‘परिहार’, ‘क्रम’ आणि ‘अवकाश’ हे तिन्ही शब्द मराठीतही आहेत, म्हणूनच ते वार्ताहराला खटकत नाहीत. कन्नडमध्ये ‘परिहार’ म्हणजे नुकसानभरपाई. मराठीत आपण शंकेचा परिहार करतो किंवा श्रमपरिहाराला जमतो. कन्नडमधला ‘क्रम’ हा कारवाईच्या अर्थाने येतो, तर मराठीत क्रम म्हणजे अनुक्रम. ‘अवकाश’ कन्नडमध्ये संधी किंवा मुभा सांगतो. मराठीत ‘शुक्रवारला अजून अवकाश आहे’ म्हटले की नुसता वेळ उरला आहे एवढेच कळते, आणि शुक्रवारनंतर अर्ज घेतला जाणार नाही हा महत्त्वाचा अर्थ निसटतो. तिथे ‘मुदत’ हवे.

तिन्ही शब्द लाल करून परत पाठवले, तर तिला तीन शब्द कळतील. त्याऐवजी एकाच शब्दाचा पूर्ण उलगडा करावा आणि उरलेले तिला शोधू द्यावेत:

‘वाक्य ३, “कडक क्रम”: प्रेसनोटमध्ये हा शब्द कारवाईच्या अर्थाने आहे आणि तो कन्नडमध्ये बरोबरच आहे. मराठी वाचक मात्र “क्रम” वाचून अनुक्रम समजतो. दोन्ही भाषांत सारखा दिसणारा पण अर्थ वेगळा असणारा शब्द ऐकताना खटकत नाही, म्हणून तो सुटतो. अशाच जातीचे आणखी दोन शब्द वाक्य ३ आणि वाक्य ५ मध्ये आहेत. सापडले की त्यांच्या जागी आपल्या घरी काय म्हणतात ते लिहा.’

‘घरी काय म्हणतात’ हे मुद्दाम घातले आहे. तिच्या घरात भिंत पडली असती, तर कोणी ‘परिहार मिळाला का’ असे विचारील आणि कोणी ‘भरपाई आली का’ असे. पहिले उत्तर आले तरी ते चुकीचे ठरवू नये, कारण दोन भाषांत जगणाऱ्या माणसाच्या बोलण्यात ते येणारच. छापील बातमी मात्र चंदगडच्या आणि कोल्हापूरच्या वाचकापर्यंतही जाते, एवढेच कारण सांगावे. ‘हे मराठी नाही’ असे लिहू नये. सीमाभागात हे वाक्य शब्दाला उद्देशून लिहिले, तरी माणसाला लागते.

ती पाचव्या वाक्यात ‘तलाठी’ म्हणते, प्रेसनोटमध्ये मात्र कन्नड पदनाम आहे. इथे काहीच करायचे नाही, कारण वाचक तलाठीच म्हणतो. माझ्या आवडीचा शब्द वेगळा असता, तरी तो माझ्या आवडीचा आहे एवढ्या कारणाने शेरा लिहिण्याचा मला अधिकार नाही. तरीही एखादा लिहावासा वाटलाच, तर त्याच्या आधी ‘माझी आवड, ऐच्छिक’ असे स्पष्ट शब्द घालावेत. नवख्या माणसाला आज्ञा आणि आवड यांतला फरक आपल्या सुरावरून कळत नाही, कारण लेखी शेऱ्याला सूर नसतो.

शुद्धलेखनासाठी ओळीपुढे फक्त ठिपका

‘विहीरीत’, ‘जमीनीचे’ आणि ‘वडीलांच्या’ या तीन वेगवेगळ्या चुका नव्हेत. शेवटून दुसऱ्या अक्षरातील दीर्घ ई किंवा ऊ शब्दाला प्रत्यय लागताना ह्रस्व होतो, या एकाच नियमाची ती तीन उदाहरणे आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा आणि १९७२ साली त्यांत भर घातलेले चार असे एकूण अठरा नियम आहेत. ते सगळे तिला पाठवण्याचा मोह आवरावा. हा एकच नियम एका जोडीने सांगावा: विहीर, पण विहिरीत. मग चौथ्या आणि पाचव्या वाक्यापुढे एकेक ठिपका द्यावा आणि ‘ठिपका असलेल्या वाक्यांत याच नियमाचे आणखी दोन शब्द आहेत’ एवढेच लिहावे.

ठिपक्याची युक्ती माझी नाही. रिचर्ड हॅसवेल या अमेरिकी लेखनशिक्षकाने १९८३ साली तिची मांडणी केली होती. ते चूक दुरुस्त करत नसत, चूक ज्या ओळीत आहे त्या ओळीपुढे नुसती खूण करत. विद्यार्थी निम्म्याहून अधिक चुका स्वतः शोधून दुरुस्त करत, म्हणजे त्यांना नियम येत होता, लक्ष गेले नव्हते. आपल्याकडेही यातून कामाची माहिती मिळते. ठिपका देऊनही जी चूक सापडली नाही, तिचा नियमच ठाऊक नाही असे समजावे आणि तेवढाच समजावून सांगावा.

संगणकावर काम असेल तर एक सावधगिरी घ्यावी. Track Changes सुरू करून आपण शब्द बदलले, की वार्ताहर एकाच टिचकीत सर्व बदल स्वीकारते आणि काय बदलले ते वाचतही नाही. दोष तिचा नाही, त्या सोयीचा उपयोगच तो आहे. शिकवायचे असेल तेव्हा शब्दाला हात न लावता बाजूला टिप्पणी लिहावी.

जमलेल्या ठिकाणी काय लिहायचे

सहावे वाक्य उत्तम आहे. ते तसे आहे हे सांगणे ही शिष्टाचाराची बाब नाही, कारण न सांगितल्यास ते पुढच्या वेळी नसण्याची शक्यता आहे. ‘छान!’ म्हटल्याने तिला काय पुन्हा करायचे ते कळत नाही. मी लिहीन: ‘वाक्य ६: “भिंत आली बघा” हे आजींचे शब्द तुम्ही बदलले नाहीत, हे योग्य केले. म्हशीमुळे जीव वाचला हा तपशील प्रेसनोटमध्ये नाही. तुम्ही घरात जाऊन विचारले म्हणून तो मिळाला. याला हात लावू नका.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे का आहे, ते पुढे येईल.

सगळे शेरे झाल्यावर वर तीनचार ओळींचे टिपण जोडावे, कारण माणूस आधी वरचेच वाचतो. त्यात बातमी छापण्याजोगी आहे का, आज कोणत्या तीन गोष्टींवर काम करायचे आणि किती वाजेपर्यंत परत पाठवायचे, एवढेच असावे. संबोधन ‘तुम्ही’ ठेवावे. समोर बोलताना आपण वयाने लहान वार्ताहराला सहज ‘तू’ म्हणतो आणि ते गोडही लागते, पण तोच ‘तू’ शेऱ्यात उतरला की दरडावल्यासारखा वाचला जातो.

दुसरा मजकूर आल्यावर

शेरे चांगले होते की नाही, ते दुसऱ्या मजकुरावरून कळते. समजा, तिचा दुसरा मजकूर ‘शुक्रवारपर्यंत अर्ज केला तरच भरपाई मिळणार आहे’ येथून सुरू झाला. हे वाक्य मी लिहिले नसते, किंचित कडक आहे, पण ते तिचे आहे आणि काम करते, म्हणून ठेवावे. ‘मुदत’ आणि ‘भरपाई’ सापडले. मात्र दोन नव्या गोष्टी घडल्या. एक म्हणजे ‘परीक्षा’ हा शब्द तिने पुढच्या बातमीत ‘परिक्षेला’ असा लिहिला, कारण मी नियम सांगताना तो संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना लागू नाही हे सांगितलेच नव्हते. ही चूक तिची नाही, माझ्या शेऱ्याची आहे, आणि तसे तिला लिहून कळवावे. दुसरे म्हणजे प्रमाणभाषेच्या धास्तीने एखादा वार्ताहर आजींच्या तोंडचे ‘भिंत आली’ बदलून ‘भिंत कोसळली’ करून टाकतो. असे झाले, तर भाषेवरचा शेरा गरजेपेक्षा व्यापक झाला असे समजावे. ‘याला हात लावू नका’ हे त्यासाठीच लिहायचे.

शेरे नाउमेद करू लागले आहेत, हेही मजकुरातूनच ओळखता येते. बातम्या आखूड होत जातात, लोकांचे बोलणे नाहीसे होते आणि प्रेसनोट वाक्यावाक्याने उतरू लागते, कारण त्यात चुका कमी निघतात. आपला प्रत्येक शेरा विनाशंका मान्य होऊ लागला, तरी ते काळजीचे लक्षण समजावे. अशा वेळी एक मजकूर मुद्दाम एकही भाषिक शेरा न लिहिता परत पाठवावा आणि फक्त माहितीविषयी विचारावे. उदाहरणार्थ, चौथ्या वाक्यातील सहा घरांपैकी पूर्ण पडलेली किती आणि एखादीच भिंत गेलेली किती, हे विचारावे. मदतीची रक्कम घराचे किती नुकसान झाले यावर ठरते, त्यामुळे हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर फक्त तिच्याकडे आहे.

पान सुटायला वीस मिनिटे असताना

रात्री साडेदहाला यातले काहीच शक्य नसते. तेव्हा बातमी स्वतः नीट करावी, पण तिचा मूळ मजकूर जपून ठेवावा. दुसऱ्या दिवशी दुपारी, पान शांत असताना, मूळ वाक्य आणि छापलेले वाक्य अशा तीन जोड्या एकाखाली एक ठेवून प्रत्येकीखाली एका ओळीत कारण लिहून पाठवावे. चौथी जोडी पाठवू नये. आपण केलेल्या एखाद्या बदलाचे कारण लिहिताच येत नाही असे लक्षात आले, तर तो बदल बहुधा सवयीने केलेला असतो. तसेही तिला कळवायला हरकत नाही.

प्रत्येक वार्ताहरासाठी वहीचे एक पान ठेवावे आणि त्यावर शिकवलेला मुद्दा तारखेसह टिपावा. सलग चारपाच मजकुरांत तो दोष दिसला नाही, की त्यावर रेघ मारून पुढचा मुद्दा घ्यावा. या वार्ताहराच्या पानावर पुढचा मुद्दा ‘उद्योग’ हा असेल, कारण कन्नड प्रेसनोटमधला ‘उद्योग’ म्हणजे नोकरी किंवा रोजगार, आणि रोजगार मेळाव्याची बातमी तिच्याकडे कधी ना कधी येणारच आहे.